स्टाइल गाइड एकच, तरी चार फ्रीलान्सरांचा सूर चार तऱ्हेचा: प्रॉम्प्टचे सामायिक तुकडे कसे बनवायचे

लक्षण ओळखीचं आहे. ब्रँडची स्टाइल गाइड तयार आहे, चांगली पंधरा-वीस पानांची. ती सगळ्या फ्रीलान्सरांकडे पोचली आहे. चौघंही पहिला मसुदा एआय टूलमधूनच काढतात. तरी एकाचा मजकूर सरकारी निवेदनासारखा येतो, दुसरीचा उद्गारचिन्हांनी भरलेला, तिसऱ्याचा हिंदी जाहिरातीचं भाषांतर वाटणारा. संपादक बसून सगळं एका सुरात आणतो आणि पुढच्या महिन्यात तेच काम पुन्हा त्याच्या पुढ्यात येतं. मग कुणीतरी सुचवतं की प्रत्येकाने चॅटला गाइडची पीडीएफच जोडावी. जोडून पाहिली की पहिले काही मजकूर बरे येतात, नंतर गाडी मूळपदावर.

पीडीएफने भागत नाही, कारण ती माणसासाठी लिहिलेली असते. ‘आमचा सूर आपुलकीचा, आत्मविश्वासाचा आणि अस्सल’ हे वाक्य वाचून अनुभवी कॉपीरायटर ब्रँडचं जुनं काम उघडतो आणि इथे आपुलकी म्हणजे काय ते त्यावरून ताडतो. मॉडेलला तसं काही सांगितलेलं नसतं. ते ‘आपुलकी’चा सगळ्यात सरासरी अर्थ घेतं: ‘प्रिय ग्राहकहो’, आईच्या हातची चव, जपलेली नाती. त्यात गाइडची निम्मी पानं लोगोभोवती किती जागा सोडायची याबद्दल असतात. मजकूर लिहिताना त्यांचा उपयोग शून्य, पण खऱ्या सूचना त्यांच्यात हरवतात.

उदाहरणापुरता लाकडी घाण्याचं तेल विकणारा एक छोटा ब्रँड धरू. शेंगदाणा, करडई, तीळ आणि खोबरेल अशी चार तेलं, वेबसाइटसाठी मराठी वर्णनं आणि इन्स्टाग्रामसाठी कॅप्शन. गाइड इंग्रजीत आहे, हेही धरून चालू, कारण बहुतेक ठिकाणी ती तशीच असते.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

प्रॉम्प्ट दुरुस्त करायला धावू नका. फरक शब्दांमुळे पडतोय की खात्यांमुळे, हे आधी वेगळं काढावं लागतं, आणि त्याची चाचणी सोपी आहे. एक प्रॉम्प्ट आणि एका तेलाची माहिती चौघांना द्या. प्रत्येकाने नव्या चॅटमध्ये तोच प्रॉम्प्ट तीनदा चालवायचा, हाताने काहीही न बदलता. आलेले सगळे मजकूर नावं काढून एका पानावर मांडा.

एकाच माणसाचे तीन मजकूर एकमेकांपासून जेवढे लांब, तेवढेच दोन माणसांचे असतील, तर प्रॉम्प्ट सैल आहे. मॉडेल दर वेळी थोडं वेगळं लिहितंच. सूचनेत जितकी मोकळी जागा, तितकं ते भरकटतं. उलट प्रत्येकाचे तीन मजकूर आपापसात सारखे, पण माणसागणिक वेगळे असतील, तर दोष खात्यात आहे. तिथे सहसा तीन गोष्टी सापडतात. कुणाच्या टूलमध्ये मेमरी चालू असते आणि दुसऱ्या क्लायंटच्या कामाची छाया या कामावर पडते. कुणी खात्यात स्वतःच्या कायमच्या सूचना लिहून ठेवलेल्या असतात, ‘माझ्याशी औपचारिक बोल’ छापाच्या, आणि त्या लिहिल्याचं त्यालाही आठवत नसतं. नाहीतर एकजण मोफत खात्यावर असतो आणि त्याला मिळणारं मॉडेलच वेगळं असतं. तात्पुरती चॅट उघडली म्हणजे सगळं पुसलं गेलं, असं धरू नका. मेमरी आणि कायमच्या सूचना या दोन वेगळ्या सोयी आहेत, दोन्ही स्वतंत्रपणे पाहायच्या.

खात्याचा दोष कितीही चांगल्या शब्दांनी जात नाही. तो आधी मिटवा: कोणतं टूल, कोणतं मॉडेल, मेमरी बंद, कायमच्या सूचना रिकाम्या. शक्य असेल तर या क्लायंटसाठी वेगळी वर्कस्पेस. त्यानंतरच पुढचं काम, म्हणजे गाइडमधून सगळ्यांनी प्रॉम्प्टमध्ये तसेच चिकटवायचे सूचनांचे छोटे तुकडे बनवणं, अर्थपूर्ण होतं.

विशेषणाचा तुकडा कसा होतो

गाइडमधलं विशेषण उचलून प्रॉम्प्टमध्ये ठेवलं की जुनीच अडचण नव्या जागी जाते. त्याऐवजी ब्रँडने मंजूर केलेले पाच-सहा मजकूर आणि नाकारलेले दोन-तीन छापून घ्या. नाकारलेले जास्त कामाचे, पण ते सहसा कुणी जपून ठेवत नाही, म्हणून मेलमधून खणून काढावे लागतात. मग एकेक विशेषण घ्या आणि ते मंजूर मजकुरात नेमकं कुठे दिसतं, तिथे पेनने रेघ मारा.

‘आपुलकी’साठी रेघा मारल्या आणि असं दिसलं, समजा: वाचकाला सगळीकडे ‘तुम्ही’ म्हटलंय. मजकूर तेलाच्या गुणांनी सुरू होत नाही, चुलीवरच्या एखाद्या कामाने सुरू होतो. वाक्यं छोटी आहेत. उद्गारचिन्ह एकही नाही. या चार गोष्टी पाहता येतात, म्हणून सांगताही येतात. ‘आत्मविश्वास’ शोधला तर तो वेगळ्याच ठिकाणी निघतो: बाटलीच्या तळाशी साका राहतो हे मंजूर मजकूर सरळ सांगतात, लपवत नाहीत आणि माफीही मागत नाहीत.

‘अस्सल’साठी मात्र रेघ मारायला जागाच सापडत नाही. ज्या विशेषणाला मजकुरात पुरावा नाही, ते प्रॉम्प्टमध्ये जात नाही, गाइडमध्ये ते कितीही मोठ्या अक्षरात असलं तरी. खाद्यपदार्थांच्या बाबतीत तर हा शब्द वेगळ्या कारणानेही सांभाळावा लागतो. एफएसएसएआयच्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या 2018 च्या नियमांत नैसर्गिक, ताजं, शुद्ध, पारंपरिक, अस्सल अशा शब्दांच्या वापरावर अटी आहेत. गाइड लिहिणाऱ्या एजन्सीला ते ठाऊक असेलच असं नाही, आणि प्रॉम्प्टमध्ये ‘अस्सल’ लिहिलं की मॉडेल तो शब्द दर दोन वाक्यांनी परत देतं.

रेघांवरून बनलेला तुकडा असा:

```
[सूर-वेबसाइट]
वाचकाला 'तुम्ही' म्हणा.
पहिलं वाक्य स्वयंपाकघरातल्या एका कृतीचं असू द्या;
तेलाचं नाव दुसऱ्या वाक्यानंतर येऊ द्या.
एका वाक्यात एकच गोष्ट. बारा शब्दांच्या आसपास थांबा.
वाक्याचा शेवट पूर्णविरामाने करा.
तेलात जे दिसतं (रंग, वास, साका) ते आहे तसं सांगा.
```

इथे दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिली, तुकडा मराठीत आहे. गाइड इंग्रजी, प्रॉम्प्ट इंग्रजी आणि शेवटी ‘मराठीत लिहा’ अशी मांडणी असेल, तर येणारी वाक्यरचना इंग्रजीच्या वळणावर जाण्याची शक्यता फार वाढते. ‘शुद्धतेचा अनुभव घ्या’, ‘आमच्यासोबत या प्रवासात सामील व्हा’ ही वाक्यं तिथूनच येतात. फ्रीलान्सर ती दुरुस्त करत बसतात आणि प्रत्येकजण आपापल्या पद्धतीने करतो, म्हणून सूर आणखी फाटतो. दुसरी गोष्ट, तुकड्यात ब्रँडचं नावसुद्धा नाही. नाव, उत्पादन, किंमत हे सगळं दुसरीकडे जातं, म्हणजे सुराचा तुकडा चारही तेलांना तसाच लागतो.

तुकडा पक्का झाला की नाही, हे गाइड न वाचलेल्या माणसाकडून तपासा. त्याला तुकडा द्या, एक मजकूर द्या आणि विचारा की यातली कोणती सूचना पाळली गेली आणि कोणती नाही. तो ‘म्हणजे बघण्यावर आहे’ असं म्हणाला, की ती ओळ अजून विशेषणच आहे.

माहितीचा तुकडा वेगळा ठेवा

तेलाच्या मजकुरात मॉडेल न विचारता आरोग्यात शिरतं. कोलेस्टेरॉल, हृदय, प्रतिकारशक्ती, काहीही येतं. कितीही आखीव सूर असला तरी हे थांबत नाही, कारण हा सुराचा प्रश्न नाही. त्याला काय माहीत आहे आणि काय सांगायला मुभा आहे, याची सीमा आखून द्यावी लागते. ती सीमा सगळ्या फ्रीलान्सरांसाठी एकच हवी.

```
[माहिती]
फक्त खालच्या यादीतली माहिती वापरा.
यादीत नसलेलं काही हवं वाटलं तर तिथे [विचारा] लिहा
आणि पुढे जा.
- शेंगदाणा तेल, लाकडी घाण्यावर काढलेलं
- कापडातून गाळलेलं, रिफाइन न केलेलं
- गरम केलं की शेंगदाण्याचा वास येतो
- तळाशी साका राहू शकतो
- बाटली: 1 लिटर
```

‘[विचारा]’ ही खूण छोटी वाटते, पण या सगळ्या खटाटोपात तिची किंमत मोठी आहे. नुसतं ‘मनाने काही लिहू नका’ सांगितलं तर मॉडेलला वाक्य पुरं करायला दुसरी वाट उरत नाही आणि ते काहीतरी रचतं. खूण दिली की ते तिथे थांबायला लागतं, दर वेळी नाही, पण बऱ्याचदा. फ्रीलान्सरने मसुद्यात ती खूण शोधली की क्लायंटला नेमकं काय विचारायचं तेही हाती येतं.

आता फरक पाहा. पीडीएफ जोडून आणि ‘ब्रँडच्या सुरात वर्णन लिहा’ म्हणून जे येतं ते साधारण असं असतं:

‘आमच्या शुद्ध लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलासह पारंपरिक चवीचा अनुभव घ्या! आपल्या कुटुंबाच्या आरोग्यासाठी निसर्गाची सर्वोत्तम भेट.’

दोन्ही तुकडे लावून, एकदा हात फिरवून झालेला मजकूर असा असावा:

‘थालीपीठ तव्यावर टाकलं की मधल्या भोकात चमचाभर तेल सोडा. आधी शेंगदाण्याचा वास येईल. हे शेंगदाणा तेल लाकडी घाण्यावर काढलेलं आहे. कापडातून गाळलंय, रिफाइन केलेलं नाही. बाटलीच्या तळाशी थोडा साका दिसेल.’

दुसरा मजकूर फार मोठं साहित्य आहे असं नाही. पण त्यातलं प्रत्येक वाक्य कोणत्या सूचनेमुळे आलं ते दाखवता येतं, आणि बिघडलं तर कोणती ओळ बदलायची तेही कळतं. फ्रीलान्सरांच्या गटाला हवं असतं ते एवढंच.

‘हे नको’ची यादी

जवळजवळ प्रत्येक गाइडच्या शेवटी निषिद्ध शब्दांची यादी असते, आणि ती आहे तशी प्रॉम्प्टमध्ये चिकटवायचा मोह होतो. चार-पाच शब्दांची यादी चालते. तीस शब्दांची झाली की दोन गोष्टी घडतात. एक तर ते शब्द मॉडेलच्या पुढ्यात आल्यामुळे त्याच गोत्रातले शब्द आजूबाजूला उगवतात. ‘सर्वोत्तम’ बंद केला की ‘उत्कृष्ट’ येतो, तो बंद केला की ‘अतुलनीय’. दुसरं म्हणजे ‘काय करायचं’ हे सांगणाऱ्या ओळी त्या गर्दीत मागे पडतात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक ‘नको’मागे जागा कोणत्या गोष्टीने भरायची ते सांगणं. ‘अतिशयोक्ती नको’ऐवजी ‘गुण सांगण्याऐवजी तो दिसतो ती कृती सांगा’. ‘सर्वोत्तम तेल’ लिहिण्याची मुभाच मग उरत नाही, कारण त्या जागी थालीपीठ येऊन बसलेलं असतं. उरलेली लांबलचक यादी प्रॉम्प्टमध्ये न ठेवता तपासणीच्या पानावर ठेवा आणि मसुदा तयार झाल्यावर शोधून काढा. शोधण्याचं काम कॉम्प्युटर न चुकता करतो, ते मॉडेलच्या गळ्यात कशाला घालायचं?

आकड्यांचंही तसंच. 1 लिटर की १ लिटर, हे ब्रँडने एकदा ठरवायचं आणि शेवटी बदलून घ्यायचं. अक्षरांची मर्यादा तर मॉडेलकडून पाळून घेण्याच्या फंदातच पडू नये. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं आणि मॉडेलचा अंदाज चुकतो. मराठी एसएमएस युनिकोडमध्ये जातो, तिथे एका संदेशात 160 नव्हे तर 70 अक्षरंच बसतात. तो मजकूर मोजायच्या खिडकीत टाकूनच पाठवावा.

नमुना दिला आणि सगळं एकसारखं झालं

सूर पक्का करण्यासाठी मंजूर मजकुराचा नमुना जोडणं ही चांगली सवय आहे, पण तिचं स्वतःचं दुखणं आहे. नमुना थालीपिठाचा दिला की चारही तेलांची वर्णनं तव्यावर सुरू होतात. खोबरेल तेलसुद्धा. कधी नमुन्यातली माहितीही झिरपते, करडईच्या तेलात शेंगदाण्याचा साका येतो. संपादकाला सुरुवातीला हे सूर जमल्याचं लक्षण वाटतं, आणि एकत्र दहा मजकूर वाचल्यावरच खटकतं.

‘नमुन्याचा सूर घ्या, मजकूर घेऊ नका’ ही ओळ थोडीच मदत करते. खरा फरक नमुन्यांच्या निवडीने पडतो. तीन नमुने द्या, आणि त्यांत सूर सोडून बाकी काहीही सारखं नसू द्या: एक तळणीचा, एक जेवताना वरून तेल घेण्याचा, एक साठवणीचा. सुरुवातीची वाक्यं वेगळ्या घडणीची, लांबी वेगळी. तिन्हींत जे समान उरतं तेच मॉडेल उचलतं. शिवाय ज्या तेलाचं वर्णन लिहायचं आहे, त्याच तेलाचा नमुना त्या वेळी देऊ नका. तिळाच्या तेलासाठी लिहिताना शेंगदाणा, करडई आणि खोबरेलचे नमुने लावा. माहिती झिरपलीच तर ती लगेच परकी दिसते आणि पकडता येते.

सगळ्यांकडे तोच तुकडा राहावा म्हणून

तुकडे वॉट्सॲप ग्रुपवर टाकले की ते तिथेच म्हातारे होतात. कुणी मागच्या महिन्यातला संदेश वर सरकवून घेतो, कुणी स्वतःच्या नोट्समध्ये ठेवतो आणि त्यात एक ओळ सुधारतो. ती सुधारणा चांगलीच असते बऱ्याचदा, पण ती एकट्याकडे राहते. सूर पुन्हा फाटण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे आणि ते शेवटी सापडतं.

एक सामायिक शीट पुरते. एका ओळीत एक तुकडा: नाव, मजकूर, आवृत्ती, कशासाठी लागू, कोणत्या मॉडेलवर तपासला आणि गाइडच्या कोणत्या पानावरून आला. पानाचा रकाना टाळू नका. क्लायंटने गाइड बदलली की कोणते तुकडे हलतात ते त्यावरूनच कळतं. बदलण्याचा अधिकार एकाकडे ठेवा, बाकीच्यांना शेरा लिहायची मुभा. फ्रीलान्सरने काम पाठवताना कोणते तुकडे वापरले ते खाली लिहायचं, ‘सूर-वेबसाइट 3, माहिती-करडई 2’ असं. मजकूर फसला तर संपादकाला तो प्रसंग पुन्हा घडवून पाहता येतो.

रोज कॉपी-पेस्टचा कंटाळा येत असेल तर `Espanso` हे मोफत साधन कॉम्प्युटरवर बसवता येतं. छोटी खूण टाइप केली की पूर्ण तुकडा उमटतो, आणि त्याची फाइल सगळ्यांना एकच देता येते:

```yaml
matches:
  - trigger: ":surweb"
    replace: |
      वाचकाला 'तुम्ही' म्हणा.
      एका वाक्यात एकच गोष्ट.
```

फाइल बदलली की प्रत्येकाकडे नवी पोचली पाहिजे, नाहीतर तीच वॉट्सॲपची गोष्ट. म्हणून ती सामायिक फोल्डरमध्ये ठेवून तिथूनच जोडावी. फोनवरून काम करणाऱ्यांना याचा उपयोग नाही, त्यांनी शीटच उघडावी.

इन्स्टाग्रामसाठी वेबसाइटचाच तुकडा ताणू नका. गाइडमध्ये ‘थोडक्यात बोला’ आणि ‘गोष्ट सांगा’ ही दोन्ही वाक्यं सुखाने नांदत असतात, कारण एक लेबलसाठी लिहिलेलं असतं आणि दुसरं कॅप्शनसाठी. एकाच प्रॉम्प्टमध्ये दोन्ही गेली की मॉडेल मधलं काहीतरी करतं आणि ते कुठेच शोभत नाही. माध्यमागणिक सुराचा वेगळा तुकडा करा, माहितीचा तोच राहू द्या. लेबलवरचा मजकूर मात्र या पद्धतीतून पूर्ण वगळा. तिथे शब्दन् शब्द ठरलेला असतो, तो हाताने लिहून क्लायंटकडून सहीनिशी मंजूर करून घ्यायचा.

मॉडेल बदललं की काल जमलेला तुकडा आज सैल पडू शकतो, आणि हे कुणी सांगून होत नाही. म्हणून तीन तेलांची माहिती ‘चाचणी’ नावाने शीटमध्येच ठेवा. टूलवाल्यांनी नवं मॉडेल आणलं, किंवा गटात नवा माणूस आला, की तेच तीन मजकूर काढून जुन्यांच्या शेजारी मांडा. पहिलं वाक्य पुन्हा तेलाच्या गुणाने सुरू होत असेल, तर त्या ओळीचे शब्द बदला, आवृत्तीचा आकडा वाढवा आणि जुनी आवृत्ती खालच्या ओळीत तशीच ठेवा. जुन्या मॉडेलवर अजून काम करणारा एखादा गटात असतोच.